मांस : कत्तलीनंतर स्नायूत होणारे बदल

जनावराच्या कत्तलीनंतर स्नायूचे मांसात रूपांतर होताना घडणारे जीवरासायनिक व भौतिक बदल. मांसाचा मऊपणा, रंग, रसदारपणा आणि टिकाऊपणा बराचसा त्यांवर ठरतो.

ताठरता : रक्त वाहून गेल्यावर स्नायूला ऑक्सिजन मिळत नाही, तरी त्यातील पेशींचे काम काही काळ चालूच राहते. साठवलेले ग्लायकोजेन ऑक्सिजनविना मोडते, त्यातून एटीपी मिळते आणि लॅक्टिक आम्ल साचते. त्यामुळे सामू ७ च्या आसपासपासून सुमारे ५.५ पर्यंत उतरतो. एटीपी संपले की अ‍ॅक्टिन व मायोसिन ही प्रथिने एकमेकांत अडकतात ती सुटत नाहीत आणि स्नायू ताठ होतो. ही मरणोत्तर ताठरता.

शीत-आकुंचन : ताठरता येताना स्नायू किती आखडलेला आहे, यावर मांसाचा चिवटपणा अवलंबून असतो. लॉकर व हॅगयार्ड यांनी १९६३ मध्ये गोमांसाच्या स्नायूंवर दाखवले, की आकुंचन १४ ते १९ अंश सेल्सिअसला सर्वांत कमी असते आणि त्याहून थंडीत ते पुन्हा वाढते. थंडीत पेशीतील कॅल्शियमचा साठा धरून ठेवता येत नाही. एटीपी अजून शिल्लक असल्याने सुटलेले कॅल्शियम स्नायूला आखडायला लावते.

बोकडाचे धड लहान असते व त्यावर चरबीचा थर पातळ असतो. असे ताजे धड लगेच २ अंशांच्या शीतगृहात टांगले, तर पाठीचा स्नायू सामू ६ च्या वर असतानाच १० अंशांखाली जाऊ शकतो. हे मटण शिजवूनही चिवट लागते. म्हणून पहिल्या १० तासांत स्नायू १० अंशांखाली जाऊ देऊ नये, असा ढोबळ नियम आहे. विद्युत उत्तेजन दिल्यास ग्लायकोजेन लवकर खर्ची पडते, सामू झपाट्याने उतरतो आणि धड लवकर थंड करता येते.

उलट दोष : डुकराचे धड गरम असतानाच सामू ६ च्या खाली गेला, तर प्रथिने बिघडतात, मांस फिकट व लिबलिबीत होते, त्यातून पाणी गळते. याउलट लांबचा प्रवास, उपास किंवा झुंज यांमुळे कत्तलीआधीच ग्लायकोजेन संपले, तर आम्ल कमी बनते. २४ तासांनीही सामू ६ च्या वर राहिलेले असे मांस गडद, घट्ट व कोरडे दिसते. पाणी ते चांगले धरते, पण लवकर नासते.

परिपक्वन : ० ते ४ अंशांना ठेवलेल्या मांसात कॅल्पेन हे विकर स्नायुतंतूंची बांधणी हळूहळू तोडते आणि ताठरता ओसरते. मात्र संयोजी ऊतकातील कोलॅजन त्याने फारसे सुटत नाही. त्यामुळे म्हाताऱ्या जनावराचे मांस परिपक्वनानंतरही सावकाश, ओलसर आचेवरच शिजवावे लागते. तीव्र शीत-आकुंचन झालेले मांसही केवळ परिपक्वनाने पुरते सुधारत नाही.

तपासणी : पाठीच्या लांब स्नायूत शलाका घालून सामू व तापमान एकाच वेळी, ठरावीक अंतराने मोजतात. शेवटचा सामू ठीक असला, तरी तो कोणत्या तापमानाला उतरला हे कळल्याशिवाय दोषाचे कारण सापडत नाही.