‘घेतलेस’ की ‘घेतलेत’?

महाड-पोलादपूरच्या अनेक घरांतील माणसे नोकरीनिमित्त मुंबईत असतात. गणपतीची बोलणी त्यामुळे आता मोबाइलवरील निरोपांतूनच होतात. समोरासमोर आवाज सांभाळून घेतो. लिहिताना मात्र ‘तू’ गाळले तरी क्रियापद ते उघड करते. ‘औषध घेतलेस का?’ हे स्वतःच्या आईला, आजीला चालते, कारण तिला ‘अगं’ म्हणण्याची रीत जुनीच आहे. सासू ‘अहो आई’. तिला ‘घेतलेत का?’ असेच विचारावे लागते.

खरी अडचण मोठ्या चुलतभावाची. लहानपणापासून ‘दादा, तू’ म्हटलेल्याला अचानक ‘तुम्ही’ लिहिले, तर तो रुसवाच समजतो. त्याच्या धाकट्या भावाची बायको मात्र त्याला ‘तुम्ही’च लिहिणार.

संबोधन ठरत नसेल, तर ‘गावी कधी येणार?’ एवढेच लिहावे. पुढे ‘आहेस’ वा ‘आहात’ जोडले नाही, की हा प्रश्न कोणालाही विचारता येतो. विनंती करताना ही सोय नाही. तेथे ‘ये’ किंवा ‘या’ निवडावेच लागते. ‘यावे’ लिहिले तर लग्नपत्रिका वाटते! शिवाय नुसते ‘तुम्ही या’ वाचून सासऱ्यांना एकट्याचेच बोलावणे वाटू शकते. सारे घर बोलवायचे असल्यास ‘तुम्ही सर्वजण या’ असे लिहावे.