मुक्त संमती

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 10 नुसार करार वैध ठरण्यासाठी सक्षम पक्ष, कायदेशीर प्रतिफल व उद्देश यांबरोबर मुक्त संमती लागते. जबरदस्ती, अनुचित प्रभाव, कपट किंवा चुकीच्या निवेदनाने मिळवलेली संमती मुक्त नसते. असा करार आपोआप शून्य होत नाही. तो शून्यकरणीय असतो. विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. चिक्कम अम्मिराजू खटल्यात पतीने आत्महत्येची धमकी देऊन पत्नी व मुलाकडून आपल्या भावाच्या नावे मालमत्तेचे हक्कसोडपत्र करून घेतले. मद्रास उच्च न्यायालयाने बहुमताने ही कलम 15 ची जबरदस्ती मानली. दस्त रद्द करण्याचा पर्याय मात्र फक्त दबलेल्या पक्षालाच असतो. त्याने दस्त कायम ठेवला, तर दुसऱ्याला माघार घेता येत नाही.