पाच जांभळ्या पट्ट्या

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करत होतो. अब्बांच्या छातीत तीन दिवस दुखत होतं आणि ते नेहमीप्रमाणे 'वारा धरलाय' म्हणून शेक घेत बसले होते. चौथ्या दिवशी अम्मीने जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. ईसीजीत खास काही सापडलं नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात सीके-एमबी नावाचं एन्झाइम वाढतं, पण ते दोन-तीन दिवसांत पुन्हा खाली येतं. म्हणजे त्या तपासणीची वेळ टळून गेली होती. म्हणून डॉक्टरांनी एलडीएचचे आयसोएन्झाइम तपासायला सांगितले. संध्याकाळी रिपोर्ट आला, 'एलडीएच-1 हे एलडीएच-2 पेक्षा जास्त, हृदयविकाराशी सुसंगत.' घरात रडारड सुरू झाली.

मी त्या लॅबमध्ये गेलो आणि जेलची पट्टी दाखवा म्हणून मागे लागलो. ती पट्टी आणि तिच्याशेजारच्या नळीतलं सिरम पाहून काय कळलं, ते सांगण्याआधी ही पट्टी कुठून आली ते सांगायला हवं.

1954 साली ऑलिव्हर स्मिथीज हा तरुण इंग्रज शास्त्रज्ञ कॅनडात, टोरांटोच्या कॉनॉट प्रयोगशाळेत इन्सुलिनवर काम करत होता. विजेच्या साहाय्याने प्रथिनं वेगळी करायची तेव्हाची रीत म्हणजे ओल्या कागदावर थेंब ठेवून दोन टोकांना वीजप्रवाह द्यायचा. स्मिथीजचं इन्सुलिन कागदालाच चिकटायचं आणि त्याचा लांबट डाग पडायचा. दुसरी एक रीत होती. त्यात कागदाऐवजी स्टार्चच्या ओल्या दाण्यांचा थर वापरत. तिथे प्रथिनं चिकटत नसत, पण शेवटी त्या थराचे डझनावारी तुकडे कापून प्रत्येकातलं प्रथिन वेगळं मोजावं लागे. एकट्या माणसाला ते झेपणारं नव्हतं. मग त्याला लहानपणी पाहिलेली आईची धुलाई आठवली. शर्टाच्या कॉलरला लावायला ती स्टार्च शिजवायची आणि उरलेली खळ गार झाली की थिजून जेलीसारखी व्हायची. खळ शिजवून थिजवली तर कापाकापीची गरज नाही, सबंध वडीच रंगवता येईल! तो स्टार्चचा जेल त्याने 1955 मध्ये प्रसिद्ध केला. कागदावर सिरमचे पाच-सहा पट्टे दिसत, जेलमध्ये त्याहून कितीतरी जास्त दिसू लागले. कारण जेलच्या बारीक छिद्रांतून जाताना प्रथिनाचा विद्युतभार तर मोजला जातोच, त्याचं आकारमानही आडवं येतं.

पण स्मिथीजचा रंग सगळ्या प्रथिनांना सारखाच चढायचा. इथे प्रथिन आहे एवढंच कळे, ते काय काम करतं हे कळत नसे.

ती पुढची पायरी 1957 मध्ये रॉबर्ट हंटर आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी चढली. मार्कर्टबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण हा माणूस मला आवडतो. तरुणपणी तो स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध लढायला गेला होता. 1954 मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने त्याला साम्यवादाबद्दल प्रश्न विचारले. त्याने उत्तरं द्यायला नकार दिला आणि मिशिगन विद्यापीठाने त्याला निलंबित केलं. नंतर परत घेतलं, पण ठपका ठेवूनच. पुढे तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेला. 

त्यांची युक्ती ऐकायला साधी आहे. पेशींमधलं एन्झाइम पाहण्यासाठी ऊतीच्या पातळ कापावर रसायनं टाकून रंग उठवायची पद्धत आधीपासून होती. त्यांनी तीच रसायनं ऊतीच्या कापाऐवजी जेलवर टाकली. ऊतींचा अर्क जेलमध्ये पळवला आणि नंतर तो जेल एस्टरेज एन्झाइमच्या खाद्यात बुडवला. एन्झाइम जिथे होतं तिथे त्याने खाद्य तोडलं, तुटलेल्या भागाशी रंगद्रव्याचा संयोग झाला आणि नेमक्या त्याच जागी पट्टा उमटला. अशा रंगलेल्या जेलला त्यांनी झायमोग्राम नाव दिलं.

यासाठी एक अट मात्र पाळावी लागते. एन्झाइम शेवटपर्यंत जिवंत, म्हणजे त्याच्या मूळ घडीत राहिलं पाहिजे. आज कॉलेजात जो जेल शिकवतात, त्यात नमुना आधी एसडीएस नावाच्या साबणात उकळतात. तिथे प्रथिनाची घडी उलगडते आणि त्याचं वजन कळतं, पण काम थांबतं. नेटिव्ह जेलमध्ये उकळणं नाही, एसडीएस नाही. जेल गार ठेवायचा, कारण वीज वाहताना तो तापतो आणि तापला की एन्झाइम मरतं. त्याची किंमतही मोजावी लागते. नेटिव्ह जेलमध्ये पट्टा कुठवर पोचला यावरून वजन सांगता येत नाही. छोटं पण कमी भाराचं प्रथिन मागे राहू शकतं आणि मोठं पण भारी विद्युतभाराचं पुढे जाऊ शकतं.

आता एलडीएचकडे येऊ. हे एन्झाइम लॅक्टेटचं पायरुवेट करतं आणि निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीच्या हवाली करतं. जेल रंगवायचा तो याच वाटेवर. लॅक्टेट, एनएडी, पीएमएस आणि एनबीटी हे चारही एका बफरमध्ये मिसळतात. पीएमएस हमालासारखं इलेक्ट्रॉन उचलून एनबीटीला देतं आणि फिकट पिवळं एनबीटी गडद जांभळं फॉर्मझान बनतं. फॉर्मझान पाण्यात विरघळत नाही. ते जिथे तयार होतं तिथेच बसतं, म्हणून पट्टा पसरत नाही. पीएमएसला उजेड सोसत नाही, म्हणून हे सगळं 37 अंशांना अंधारात ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत पट्टे दिसू लागतात. मग पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये घालून क्रिया थांबवायची. इथे नवशिका हमखास चुकतो. अजून थोडं गडद होऊ दे म्हणून तो जेल तासभर ठेवतो. मग मोठ्या पट्ट्यातला रंग एका मर्यादेला जाऊन थांबतो, छोटा पट्टा मात्र चढत राहतो आणि शेवटी सगळे सारखेच दिसतात. आमच्या मॅडम आणखी एक जेल लॅक्टेट न घालता रंगवायला लावत. त्यातही पट्टा उठला तर तो एलडीएचचा नाही, हे ओळखायला.

मार्कर्ट आणि त्याचा सहकारी मोलर यांनी 1959 मध्ये दाखवलं की एकाच प्राण्याच्या एलडीएचचे अनेक पट्टे पडतात आणि त्यांचा नमुना अवयवागणिक बदलतो. हृदयात सर्वांत पुढे धावणारा पट्टा गडद, तर यकृतात आणि हाडाच्या स्नायूत सर्वांत मागचा. एका एन्झाइमचे दोन पट्टे दिसले तर नमुना अशुद्ध आहे किंवा अर्धवट खराब झालाय, असंच तोवर बहुतेकांना वाटे. या दोघांनी त्यांना आयसोझाइम म्हटलं. एकच काम करणारी, पण वेगळ्या घडणीची एन्झाइमं.

पण पट्टे पाचच का? एलडीएचचा रेणू चार तुकड्यांचा असतो. तुकडे दोन जातींचे, हृदयाचा 'एच' आणि स्नायूचा 'एम'. चार जागा या दोन जातींनी भरायच्या म्हटलं तर पाचच मिश्रणं होतात: चारही एच, तीन एच आणि एक एम, दोन-दोन, एक एच आणि तीन एम, चारही एम. हा तर्क बरोबर आहे का हे मार्कर्टने 1963 मध्ये तपासलं. त्याने फक्त टोकाचे दोन पट्टे, एलडीएच-1 आणि एलडीएच-5, सारख्या प्रमाणात मिठाच्या पाण्यात मिसळले, ते गोठवले आणि पुन्हा वितळवले. गोठताना रेणू सुटे झाले, वितळताना पुन्हा जुळले. जेलवर घातलं तर पाच पट्टे! त्यांची तीव्रता 1:4:6:4:1. चार जागा दोन जातींनी भरायच्या सोळा रीती असतात. त्यांतल्या सहा रीतींनी दोन-दोन असे पडतात, चार-चार रीतींनी तीन-एक, आणि एकेकाच रीतीने चारही एका जातीचे. छापकाटा करून भरल्यासारखे तुकडे जुळले होते. एवढ्या थोड्या साहित्यात इतकं नेमकं उत्तर देणारे प्रयोग मी फार पाहिलेले नाहीत.

याच पट्ट्यांचा डॉक्टरांना उपयोग झाला. निरोगी माणसाच्या सिरममध्ये एलडीएच-2 सगळ्यांत जास्त असतं. हृदयाचा स्नायू मेला की त्यातलं एलडीएच-1 रक्तात येतं आणि 1 हा 2 च्या वर जातो. हा बदल आठवडाभर टिकू शकतो, म्हणूनच उशिरा आलेल्या अब्बांसाठी ही तपासणी सांगितली होती.

लॅबमधली ती पट्टी चांगलीच उठली होती, पहिला पट्टा दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गडद. पण नळीतलं सिरम डाळिंबाच्या पाण्यासारखं गुलाबी होतं. अब्बांची शीर सापडत नव्हती, तीन वेळा सुई टोचली होती आणि रक्त जोराने ओढलं होतं. त्यात लाल पेशी फुटल्या होत्या. लाल पेशींमध्येही एलडीएच-1 आणि 2 च भरलेलं असतं, तेही सिरमपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. जेल खोटं बोलत नव्हता. 1 खरंच जास्त होतं, फक्त ते हृदयातून आलेलं नव्हतं. जेलला एवढंच कळतं की इथे लॅक्टेट तोडणारं काहीतरी आहे. ते कुठून आलं हे त्याला सांगता येत नाही.

टेक्निशियन भला माणूस होता, पण सिरमचा रंग रिपोर्टात लिहायची त्यांच्याकडे रीत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी अब्बांचं रक्त पुन्हा काढायला लावलं, या वेळी सावकाश. सिरम खोलीच्या तपमानालाच ठेवायला सांगितलं, कारण ते गोठवलं की एलडीएच-4 आणि 5 मरतात आणि तिकडूनही नमुना बिघडतो. या वेळी सिरम पिवळंधमक आलं. जेलवर दुसरा पट्टा पहिल्यापेक्षा गडद, निरोगी माणसासारखा. ईसीजी पुन्हा काढला, तोही जसाच्या तसा. अब्बा घरी आले आणि 'सांगत होतो, वाराच होता' असं वर्षभर ऐकवत राहिले.

आता ट्रोपोनिन आलं आणि हृदयासाठी एलडीएचचे पट्टे कुणी पाहत नाही. पण जेलमधल्या जेलमध्ये एन्झाइमला कामाला लावायची रीत चालूच आहे. प्रथिनं तोडणारी एन्झाइमं शोधायला जेलमध्येच जिलेटिन मिसळतात. गंमत म्हणजे इथे एसडीएसही चालतं, फक्त नमुना उकळायचा नाही. नंतर ट्रायटन नावाच्या सौम्य साबणाने एसडीएस धुऊन काढलं की यांतली बरीच एन्झाइमं पुन्हा आपल्या घडीत येतात आणि रात्रभरात आजूबाजूचं जिलेटिन खाऊन टाकतात. मग सगळा जेल निळा रंगवायचा. एन्झाइम जिथे असेल तिथे निळ्यात पांढरी रेघ दिसते. विद्यार्थी पहिल्यांदा ती पाहतात तेव्हा विचारतात, 'सर, इथे रंग लागायचा राहिला का?'