पटकथेचीं रंगीत पानें

संगीत नाटकाच्या वैभवकाळीं मराठी नटाच्या हातीं त्याच्या वांट्याच्या भाषणांची ‘नक्कल’ पडे. तालमींत एखादें वाक्य बदललें आणि तो बदल एकाच्या नकलेंत उतरावयाचा राहिला, तर तो भर प्रयोगांत जुन्या वाक्याची वाट पाहात उभा राही. चूक पाठांतराची भासे. मूळ मात्र शिळ्या कागदांत असे.

बोलपटांत हा धोका फार वाढला; कारण तेथें नटांबरोबर दिवे, वेष आणि देखावे सांभाळणारेहि त्याच लेखावर अवलंबून असतात. त्यावर अमेरिकेंतील चित्रसंस्थांनीं रंगीत कागदांचा उपाय योजला. ‘गॉन विथ दि विंड’ हें त्याचें ठळक उदाहरण होय. सिडने हॉवर्डनें लिहिलेली पटकथा सतत बदलत असतांनाच २६ जानेवारी १९३९ रोजीं चित्रणास आरंभ झाला. फेब्रुवारींत जॉर्ज क्यूकरच्या जागीं व्हिक्टर फ्लेमिंग दिग्दर्शक झाला. त्याला पटकथा पसंत पडली नाहीं. चित्रण थांबवून निर्माता सेल्झनिक यानें बेन हेक्टला फेरलेखनास बोलाविलें. निरनिराळ्या रंगांच्या सुधारित पानांमुळें त्या पटकथेला ‘इंद्रधनुषी पटकथा’ असें नांव पडलें.

पुढें रूढ झालेली रीत साधी आहे. पहिली प्रत पांढरी. नंतरच्या दुरुस्त्या क्रमानें निळ्या, गुलाबी, पिंवळ्या आणि हिरव्या कागदावर. एखादा नाट्यसंघ यवतमाळजवळच्या लोहाऱ्यास चित्रण करीत आहे, असें समजूं. बेचाळिसाव्या पानावरील संवाद बदलला, तर फक्त तेंच पान निळ्या कागदावर निघतें. त्याच्या माथ्यावर रंग व तारीख, आणि बदललेल्या ओळीपुढें उजव्या समासांत फुली असते. मजकूर वाढून पानाबाहेर गेला, तर पुढील पानाला ‘४२-अ’ म्हणतात. त्रेचाळिसावें पान त्रेचाळिसावेंच राहतें. एखादा प्रवेश गाळला, तरी त्याचा क्रमांक ‘गाळला’ अशा शेऱ्यासह कायम ठेवतात. नाहीं तर वेषांच्या व सामानाच्या सगळ्या याद्या एका दिवसांत खोट्या ठरतील.

मुखपृष्ठामागें बदलांची नोंदवही असते: रंग, तारीख, बदललेलीं पानें. सकाळीं प्रत्येकानें आपली प्रत तिच्याशीं ताडावी. नोंदींत बेचाळिसावें पान निळें असून हातांतलें पांढरें निघालें, तर प्रत शिळी आहे हें वाचण्यापूर्वींच कळतें. नवें पान घालतांना जुनें काढून परत घेणें मात्र अवश्य. दोन्हीं एकत्र राहिलीं कीं घोटाळा पूर्वींहून वाढतो.

या रीतीलाहि मर्यादा आहे. निम्मीं पानें रंगीत झालीं, म्हणजे रंग कांहींच सांगेनासे होतात. अशा वेळीं जुन्या प्रती गोळा करून संपूर्ण पटकथा नव्यानें पांढऱ्या कागदावर काढतात, आणि नोंदवहीचें नवें पान उघडतात.