हातोडा आणि भूक : दीर्घ श्रमांती येणाऱ्या आकस्मिक थकव्याचा शोध

लांब पल्ल्याच्या धावण्यात किंवा सायकल-शर्यतीत दोन-अडीच तास सुरळीत गेल्यावर एकाएकी सर्व बळ ओसरावे, या अनुभवाला युरोपीय भाषांत जी नावे पडली आहेत त्यांचे दोन गट पडतात. फ्रेंच सायकलस्वार ‘फ्रँगाल’ म्हणतो, जर्मन ‘हुंगरआस्ट’ म्हणतो. या दोन्ही शब्दांत भूक आहे. याउलट इंग्रज धावपटू ‘भिंतीवर आदळलो’ असे सांगतो, आणि जर्मन व डॅनिश बोलीत ‘हातोडेवाला माणूस’ वाटेत गाठतो. येथे भुकेचा मागमूस नाही, बाहेरून बसलेला आघात आहे. मराठीत आपण ‘दम लागणे’ आणि ‘अवसान गळणे’ यांत भेद करतो. पहिल्याचा संबंध श्वासाशी आहे व तो थोड्या विश्रांतीने निवळतो. प्रस्तुत विषय दुसऱ्याचा आहे. शब्दांच्या या दोन गटांतील भेद शब्दार्थापुरताच नसून वस्तुस्थितीतही आहे, हे शरीरशास्त्राला कळावयास विसाव्या शतकाची पहिली सहा-सात दशके जावी लागली. त्या शोधाची वाटचाल येथे मांडावयाची आहे.

आरंभ क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञापासून करावा लागतो. प्राण्याच्या शरीरात साखर केवळ अन्नातून येते, ती शरीरात तयार होत नाही, ही त्या काळची समजूत. १८५५ साली बेर्नारने नुकत्याच मारलेल्या प्राण्याच्या यकृतातून पाण्याचा प्रवाह सोडून ते इतके धुतले की त्यात साखरेचा अंश उरला नाही. पुढे तेच यकृत काही तास तसेच ठेवून पाहिले, तो त्यात पुन्हा भरपूर साखर! अर्थात साखर ज्यापासून निघते असा न विरघळणारा साठा यकृतात असलाच पाहिजे. १८५७ साली त्याने तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ‘ग्लायकोजेन’, म्हणजे ‘शर्करेचा जनक’, असे नाव दिले. नाव यकृतावरून पडले, तरी पदार्थ स्नायूंतही आहे हे लौकरच कळले. मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. साठ्यातील साखर रक्तात सोडण्यासाठी तिला चिकटलेला फॉस्फेटचा अंश काढावा लागतो, आणि ते काम करणारे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे विकर यकृतात आहे, स्नायूंत नाही. म्हणून यकृताचा साठा सर्व शरीराच्या, विशेषतः मेंदूच्या, उपयोगी पडतो. स्नायूचा साठा ज्या स्नायूत आहे त्याच्याच कामी येतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सर्व वादाचा उलगडा सुलभ होतो.

१९२४ साली बॉस्टन येथील सॅम्युएल लेव्हाइन, बर्जेस गॉर्डन व क्लिफ्टन डेरिक या वैद्यांनी तेथील मॅरेथॉन शर्यत संपविणाऱ्या काही धावकांचे रक्त तपासले. ज्यांची रक्तशर्करा फार खाली गेली होती ते निस्तेज, दुर्बळ व गोंधळलेले दिसले. इन्सुलिनची मात्रा अधिक झालेल्या रोग्याशी त्यांचे साम्य होते. इन्सुलिनचा वापर नुकताच, १९२२ पासून, सुरू झाला होता. तो नसता तर हे साम्य कोणाला सुचले असते की नाही याची शंका आहे. पुढल्या वर्षी शर्यतीपूर्वी पिष्टमय आहार व वाटेत साखरेच्या गोळ्या दिल्यावर धावकांची शर्करा टिकली व अवस्थाही सुधारली. तुलनेसाठी गोळ्या न दिलेला गट ठेवला नव्हता, हा त्या प्रयोगातील उणेपणा. तरीही दिशा बरोबर होती.

१९३९ साली कोपनहेगन येथे एरिक होव्यू क्रिस्टेन्सेन व ओवे हान्सेन यांनी हाच प्रश्न प्रयोगशाळेत आणला. त्याच माणसांनी काही दिवस मेदयुक्त आहार व काही दिवस पिष्टमय आहार घेऊन स्थिर सायकल थकेपर्यंत चालवावयाची. पिष्टमय आहारानंतर ती दुपटीहून अधिक काळ चालली. याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पूर्ण थकलेल्या माणसाला त्यांनी २०० ग्रॅम ग्लुकोज पाजले. थोड्याच वेळात रक्तशर्करा चढली आणि मनुष्य पुन्हा बराच काळ पायडल मारू लागला. परंतु श्वसन-गुणांक, म्हणजे सोडलेला कार्बन डायऑक्साइड व घेतलेला प्राणवायू यांचे प्रमाण, बदलला नाही. शर्करा जळत असता हा गुणांक १ च्या जवळ असतो व मेद जळत असता ०.७ च्या जवळ. ज्या अर्थी तो स्थिर राहिला, त्या अर्थी स्नायूंनी या नव्या साखरेचे इंधन विशेष वापरले नव्हते. मग बळ आले कोठून? दोघांनी अनुमान काढले की साखर मेंदूला मिळाली आणि थकवा मूलतः मज्जासंस्थेचा होता.

हे अनुमान उपलब्ध पुराव्यावरून निर्दोष होते. त्यातील मर्यादा तर्काची नव्हती, साधनाची होती. जिवंत माणसाचे रक्त काढता येत होते, उच्छ्वास मोजता येत होता, पण स्नायूच्या आत काय उरले आहे ते पाहण्याचा मार्ग नव्हता. जे मोजता येते तेच कारण ठरते, हा प्रकार आमच्या भाषाशास्त्रातही अपरिचित नाही.

तो मार्ग १९६२ साली स्टॉकहोम येथे सापडला, आणि तोही दुसऱ्याच शोधात. योनास बेर्गस्ट्रॉम हा वैद्य स्नायूंतील क्षारांचा अभ्यास करीत होता. त्यासाठी त्याने एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्य द्यूशेन याच्या सुईत सुधारणा करून अशी पोकळ सुई वापरात आणली, की मांडीची त्वचा बधिर करून स्नायूचा मुगाएवढा तुकडा घेता यावा आणि माणसाने लगेच पुन्हा कामाला लागावे. १९६६ साली त्याने व एरिक हुल्टमन याने स्वतःवरच केलेला प्रयोग तर वर्णन करण्याजोगा आहे. एका स्थिर सायकलीच्या दोन बाजूंस दोघे बसले; प्रत्येकाने केवळ एका पायाने पायडल मारले, दुसरा पाय स्वस्थ. दमून गेल्यावर काम केलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपलेले आढळले, स्वस्थ पायातील जसेच्या तसे. मग तीन दिवस दोघांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला. रिकाम्या झालेल्या पायातील साठा पूर्ववत होऊन थांबला नाही, तो दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला. रक्त एक, अन्न एक, हृदय एक. भेद केवळ दोन पायांचा. साठा करण्याची प्रेरणा स्नायूच्या स्वतःच्या पेशीत आहे, याहून स्वच्छ पुरावा कल्पिता येणे कठीण.

पुढल्याच वर्षी बेर्गस्ट्रॉम, हेर्मान्सेन, हुल्टमन व साल्टिन यांनी नऊ माणसांवर जुना कोपनहेगनचा प्रयोग सुई हाती घेऊन पुन्हा केला. क्रिस्टेन्सेन १९४१ पासून स्टॉकहोमला प्राध्यापक होते, तेव्हा त्यांच्या प्रश्नाची ही परंपराच म्हणावयास हरकत नाही. मिश्र आहारावर मांडीच्या दर १०० ग्रॅम स्नायूत १.७५ ग्रॅम ग्लायकोजेन होते व माणूस सरासरी ११४ मिनिटे टिकला. मेद व प्रथिनांच्या आहारावर ०.६३ ग्रॅम व ५७ मिनिटे. पिष्टमय आहारावर ३.५१ ग्रॅम व १६७ मिनिटे. थकव्याच्या क्षणी तिन्ही वेळा स्नायू जवळजवळ रिकामा होता. भिंत रक्तात होती तशी स्नायूतही होती.

हे आकडे एका धावकाला लावून पाहू. वजन ६० किलो धरू. दर किलोमीटरला दर किलो वजनामागे सुमारे १ किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे किलोमीटरला ६०. जोरकस गतीत त्यांपैकी तीन-चतुर्थांश, म्हणजे ४५, कर्बोदकांतून येतात असे मानू. पायांचे स्नायू १४ किलो धरले तर १.७५ टक्क्यांनी त्यांत २४५ ग्रॅम ग्लायकोजेन. यकृतात सुमारे १००. एकूण ३४५ ग्रॅम. ग्रॅमला ४ किलोकॅलरी या हिशेबाने १३८०. भागाकार केला की एकतिसावा किलोमीटर येतो, आणि मॅरेथॉनचे धावक ज्या टप्प्याची भीती बाळगतात तो हाच. ३.५ टक्के साठा असता ५२ किलोमीटरपर्यंत पुरला असता, म्हणजे शर्यतीच्या ४२ किलोमीटरांपलीकडे. हिशेब ढोबळ आहे. साठा शेवटच्या कणापर्यंत संपत नाही, सर्व स्नायू सारखे खपत नाहीत, आणि सावकाश धावणाऱ्याचा मेदाचा वाटा अधिक असतो. तरीही वस्तुस्थितीशी तो चांगला जुळतो.

साठा तर थेंबाथेंबाने ओसरतो, मग कोसळणे एकाएकी का? याच धावकाच्या अंगी ६ किलो मेद असेल तर त्यात ५०,००० किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा आहे, वीस मॅरेथॉन पुरेल इतकी. पण मेद मंदपणे जळतो. त्यातून दर मिनिटास मिळणारी ऊर्जा जोरकस गतीला अपुरी पडते. ग्लायकोजेन पुरेसे आहे तोवर ही त्रुट भरून निघते आणि बाहेरून काही जाणवत नाही. ते संपले की गती मेद पुरवू शकेल तेवढ्यावर उतरते. १९७१ साली कार्लसन व साल्टिन यांनी दहा जणांना ३० किलोमीटरची शर्यत तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा धावावयास लावली. पिष्टमय आहारानंतर कोणीही आरंभी अधिक वेगाने धावला नाही. फरक पडला तो उत्तरार्धात, जेथे गती टिकली. साठा वेग वाढवीत नाही, वेगाचा शेवट पुढे ढकलतो.

तर मग १९३९ चे अनुमान चुकले होते काय? १९८६ साली कॉइल व सहकाऱ्यांनी सायकलस्वारांना वाटेत कर्बोदके देऊन पाहिली. न दिल्यास ते सुमारे तीन तासांत थकले, दिल्यास चार तास चालले. परंतु स्नायूंतील ग्लायकोजेनचा खर्च दोन्ही वेळा सारखाच होता. लाभ झाला तो रक्तशर्करा टिकल्यामुळे: शेवटच्या तासात ऊर्जा तिच्यातून आली. यकृताचा साठा आटल्याने येणारी अवस्था वेगळी ओळखता येते. भूक, थरथर, घाम, चिडचिड, विचारांचा गोंधळ ही तिची लक्षणे, आणि गोड खाल्ल्यावर काही मिनिटांत ती निवळतात. स्नायूचा साठा संपला असता डोके स्वच्छ राहते, पाय मात्र ऐकत नाहीत, आणि साखर खाऊन ती तूट तत्काळ भरत नाही. स्नायू पुन्हा भरावयास साधारणतः एक दिवस किंवा अधिक लागतो. फ्रेंच सायकलस्वाराची ‘भूक’ पहिलीशी व ‘हातोडा’ दुसरीशी बऱ्यापैकी जुळतो. बोलीने हा भेद नेहमीच काटेकोर पाळला असे मात्र म्हणता येत नाही, आणि एकाच धावकाला दोन्ही एकदम गाठू शकतात.

एक अडचण १९६७ च्या निष्कर्षातही उरली होती. ग्लायकोजेन इंधन असेल तर ते संपल्यावर स्नायूंतील ए.टी.पी. हे ऊर्जेचे चलनही संपावयास हवे. पण थकलेल्या स्नायूच्या तुकड्यात ते बहुतांशी शिल्लक आढळते. अलीकडे ग्लायकोजेन किती आहे यापेक्षा पेशीत कोठे आहे हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले जाऊ लागले. २०११ साली ओर्टेनब्लाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्णात स्की-धावकांच्या स्नायूंवरून दाखविले की आकुंचनतंतूंच्या आतील ग्लायकोजेनचा लहानसा अंश घटला की आकुंचनाची आज्ञा पोहोचविणाऱ्या कॅल्शियमचे सुटणे मंदावते, आणि कर्बोदके खाल्ल्यावर ते पूर्ववत होते. हा अंश केवळ इंधन म्हणून उपयोगी आहे की त्याच्या असण्यानसण्याचा स्नायूला संकेत मिळतो, यावर अद्याप एकमत नाही.