भारुडातली सून कोणाची?

आज एका सुनेबद्दल बोलू. ती भवानीआईला नवस बोलते. गावच्या सप्ताहात तुम्ही तिला ऐकलंच असेल. हे भारूड संत एकनाथांचं आहे. एकनाथ म्हणजे आपल्या शेवगाव तालुक्याला लागून असलेल्या पैठणचे, सोळाव्या शतकातले. स्वतः संसारी, बायकामुलांचे. भारुडात ‘मी’ म्हणते ती मात्र बाई.

ती काय मागते ते आठवा. सासरा गावाला गेलाय, तो तिकडेच संपू दे. सासूचा जाच आहे, तिलाही ने. जाऊ फटकळ बोलते, ती बोडकी होऊ दे. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. मग नवऱ्याचीही पाळी येते. शेवटी कवी स्वतःचं नाव घालतो आणि सून म्हणते, सगळे जाऊ देत, मला एकटी राहू दे. लोक पोट धरून हसतात. मग कीर्तनकार अर्थ सांगतात: ही सून म्हणजे जीव, सासरची माणसं म्हणजे त्याला चिकटलेले विकार आणि पाश, आणि एकटं राहणं म्हणजे देवाशी एक होणं.

आपल्या मुली कॉलेजात ‘संतकाव्यातील स्त्री’ असा निबंध लिहितात. तिथे दोन टोकं दिसतात. एक मुलगी लिहिते, ‘सोळाव्या शतकातील स्त्री असे म्हणते.’ दुसरी लिहिते, ‘हे सारे अध्यात्म आहे, इथे बाईचा काही संबंध नाही.’ दोन्हींत काहीतरी सुटतं.

आधी दुसरं टोक पाहू. सुनेच्या जागी पुरुष उभा करून बघा. त्याला नांदायला परक्या घरी जावं लागत नाही. घरात त्याच्यावर हुकूम चालवणारे सासू-सासरे, जाऊ, नणंद नाहीत. मागण्यांची यादीच कोसळते. पाशांनी चहूबाजूंनी बांधलेला जीव दाखवायचा, तर घरात सगळ्यांत जास्त बांधलेलं माणूस हवं. ते माणूस म्हणजे सून, हे एकनाथांना ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्यांनाही. ओळख पटली नसती तर हसू आलंच नसतं. म्हणजे सासुरवास सगळ्यांच्या परिचयाचा होता, एवढा पुरावा हे भारूड नक्की देतं. बाईचा संबंध नाही असं म्हणता येत नाही.

आता पहिलं टोक. ही खरी सून बोलतेय का? ते ओळखायला आपल्या जात्यावरच्या ओव्या शेजारी ठेवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्या बायकांनीच रचलेल्या आणि बायकांनीच गायलेल्या. त्यांतही सासुरवास आहे, पण त्याच्या जोडीला माहेर आहे, आई आहे, न्यायला येणारा भाऊ आहे. एकनाथांच्या सुनेला माहेर नाहीच. तिला भाऊ आठवत नाही. कारण माहेर हासुद्धा पाशच, आणि भारुडाला तिला एकटीला पोचवायचं आहे.

आणखी एक खूण आहे. जावेला ती शाप देते बोडकी होण्याचा, म्हणजे विधवा होऊन केस काढले जाण्याचा. पुढे स्वतःचा नवराही जाऊ दे म्हणते. तो गेला तर ती स्वतः काय होईल? तीही विधवाच. जावेला जो शाप, तोच हिला मोक्ष! रूपकात हे बसतं, कारण तिथे नवराही एक बंधन आहे. पण त्या काळच्या खऱ्या घरात, विशेषतः बोडकं करण्याची चाल होती त्या घरांत, नवरा गेलेली बाई मोकळी होत नव्हती, जास्त अडकत होती. भारूड त्याबद्दल गप्प राहतं. निबंधाने गप्प राहू नये.

मग लिहायचं कसं? तीन माणसं वेगळी ठेवायची: रचणारा, बोलणारी आणि गाणारा. ‘एकनाथ म्हणतात’ नको, ‘त्या काळची स्त्री म्हणते’ही नको; ‘एकनाथांची सून म्हणते’ असं लिहावं. मग विचारावं, सूनच का निवडली? त्यामुळे काय दिसलं? काय झाकलं गेलं? आणि गातंय कोण? पुरुष साडी नेसून गातो तेव्हा लोक सोंगाला हसतात. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींसारख्या बायकाही आता भारूड उभं करतात. बाईच्या तोंडून ‘एकटी राहू दे’ आलं की तेच शब्द वेगळे लागतात.

येत्या सप्ताहात हे भारूड लागलं, तर हसा जरूर. फक्त जावेच्या कडव्यापासून नवऱ्याच्या कडव्यापर्यंत कान देऊन ऐका, आणि घरी मुलीशी त्यावर बोला.