निबंधाची सुसंगती (संपादन)

निबंधाच्या कच्च्या मसुद्यातील विधाने एका धाग्यात आणण्याचे संस्करण. ते परिच्छेदाच्या पातळीवर चालते, शुद्धलेखन त्यानंतर पाहावे.

यवतमाळ जिल्ह्यातील कापसावरचा एक नमुना परिच्छेद घेऊ : ‘जिल्ह्यात काळी जमीन आहे. कापूस पुष्कळ होतो. यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे कापूस नेण्यासाठी सुरू झाली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी आली. त्यामुळे नुकसान झाले.’ प्रत्येक वाक्य खरे आहे, पण परिच्छेद कशाविषयी आहे हे कळत नाही. प्रथम विषयवाक्य ठरवावे : ‘काळ्या जमिनीने दिलेले कापसाचे पीक २०१७ मध्ये बोंडअळीने पोखरले.’ या वाक्याशी रेल्वेचा संबंध नाही, म्हणून रेल्वेचे वाक्य वाहतुकीच्या परिच्छेदात हलवावे. ते कितीही आवडते असले तरी येथे ठेवू नये.

उरलेली वाक्ये अशी जुळतात : ‘ही जमीन ओल धरून ठेवते, म्हणून कोरडवाहू कापूसही तग धरतो. मात्र त्या वर्षी अळी बोंडात शिरली आणि आतली सरकी व रुई खराब झाली.’ येथे ‘म्हणून’ परिणाम सांगतो, ‘मात्र’ वळण दाखवतो. जोडशब्द नसलेला संबंध निर्माण करू शकत नाही. ‘जमीन काळी आहे, त्यामुळे अळी आली’ हे वाक्य जुळलेले दिसते, पण चूक आहे.

शेवटी प्रत्येक परिच्छेदाचे फक्त विषयवाक्य सलग वाचावे. युक्तिवाद जिथे तुटतो, तिथे परिच्छेदांचा क्रम चुकलेला असतो किंवा मधला दुवा लिहायचा राहिलेला असतो.